आळीमिळी गुपचिळीचा हिशेब

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीत मान डोलावण्याच्या एका पद्धतीला नावच पडलं होतं. बैठकीत कुणी एखादा उपाय सुचवायचा, सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि खोलीबाहेर पडताना त्यातलं काहीही करायचं नाही, हे प्रत्येकानं मनाशी ठरवलेलं असायचं. या प्रकाराला कर्मचारी ‘जीएम नॉड’ म्हणत. आपल्याकडचा नंदीबैल निदान मालकानं विचारल्यावर मान हलवतो. इथं अधिकारीच एकमेकांसमोर नंदीबैल झाले होते. त्याच्या जोडीला ‘जीएम सॅल्यूट’ होता. दोन्ही हात छातीवर एकमेकांत अडकवायचे आणि बोटं डावी-उजवीकडच्या माणसांकडे रोखायची. अर्थ असा, की जबाबदारी त्याची किंवा ह्याची, माझी नाही.

ही दोन्ही नावं जगाला कळली ती २०१४ च्या जून महिन्यात. ५ जूनच्या सकाळी डेट्रॉइटजवळच्या वॉरेन इथं, कंपनीच्या तांत्रिक केंद्रात, मुख्य कार्यकारी अधिकारी मेरी बारा आपल्या लोकांसमोर उभ्या राहिल्या. अशा सभेला कॉर्पोरेट जगात ‘टाउन हॉल’ म्हणतात. अमेरिकेतल्या छोट्या गावांत नागरिक एका सभागृहात जमून गावच्या कारभाराचे प्रश्न विचारत, तिथून हे नाव आलं. आता हिंजवडीपासून चाकणपर्यंत सगळीकडे दर तिमाहीला टाउन हॉल होतो. वर्ष वाईट गेलं असेल, तर त्या दिवशी पगारवाढ, बदल्या, नोकरकपात, घरून काम, वागणुकीचे नियम यांतलं काही ना काही बदललेलं ऐकायला मिळतं. साहेब बोलतात, शेवटी ‘काही प्रश्न?’ विचारतात, सभागृह गप्प असतं. सगळे प्रश्न अर्ध्या तासानं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर निघतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी बरीच वर्षं काढली आणि असे टाउन हॉल मोजता येणार नाहीत इतके ऐकले. त्यांतला एकही बारांच्या त्या भाषणासारखा नव्हता. ते भाषण नीट समजून घ्यायचं, तर आधी गाडीच्या किल्लीची गोष्ट सांगायला हवी.

शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंड गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये एक बारीक दांडी आणि तिला दाबणारी स्प्रिंग असते. किल्ली फिरवताना ‘टक्’ असं जे जाणवतं, ते या जोडीमुळे. किल्ली ‘चालू’ या जागी घट्ट बसून राहावी, म्हणून ती फिरवायला ठरावीक जोर लागला पाहिजे. या स्विचमधली दांडी आखूड होती आणि स्प्रिंगही कमी पडत होती, त्यामुळे किल्ली फारच सैल फिरायची. किल्लीला जड जुडगा लटकलेला असला, गाडी खड्ड्यातून गेली किंवा चालकाचा गुडघा लागला, की किल्ली आपसूक एक घर मागे यायची. इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग जड व्हायचं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एअरबॅगही बंद व्हायच्या. म्हणजे गाडी आदळण्याच्या नेमक्या क्षणाला प्रवासी उघडे पडायचे.

हा स्विच ठरलेल्या मापात बसत नाही, हे तो बनवायला घेतला तेव्हापासून माहीत होतं. तरीही २००२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. कोबाल्ट बाजारात आल्यावर तक्रारी सुरू झाल्या. २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका वाहनलेखकानं लिहिलं, की पत्नी गाडी चालवत असताना तिचा गुडघा किल्लीजवळ लागला आणि चालती गाडी बंद पडली. कंपनीतल्या अभियंत्यांनी दुरुस्तीचे पर्याय तपासले आणि खर्च व वेळ यांचं कारण देऊन बाजूला ठेवले. कारण त्यांच्या कागदावर हा दोष ‘ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न’ या रकान्यात नोंदला गेला होता. गाडी बंद पडली तरी ती रस्त्याच्या कडेला नेता येते, मग सुरक्षेचा प्रश्न कुठं आला, असा त्यांचा हिशेब होता. किल्ली मागे आली की एअरबॅगही मरतात, ही आपल्याच गाडीची रचना त्यांच्या लक्षात आली नाही. डीलरांना एक सूचनापत्रक गेलं : ग्राहकांना जुडगा हलका ठेवायला सांगा. त्या पत्रकात गाडी ‘बंद पडते’ हा शब्द मुद्दाम टाळला होता, कारण तो वाचून सरकारी यंत्रणा जागी झाली असती.

२००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका कोबाल्टला अपघात होऊन दोन मुली गेल्या. तिथल्या पोलिसानं पुढल्या वर्षी लिहिलेल्या अहवालात किल्ली ‘चालू’वर नव्हती आणि एअरबॅग उघडल्या नाहीत, हे दोन धागे जोडले होते. कंपनीच्या शेकडो अभियंत्यांना जे जुळवता आलं नाही, ते एका रस्त्यावरच्या पोलिसानं जुळवलं. त्या अहवालाची प्रत कंपनीच्या फायलींत आली आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिली.

मग घडलेली गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण कारखान्यात काम केलेल्या माणसाला तिचं गांभीर्य लगेच कळतं. २००६ मध्ये त्या स्विचच्या अभियंत्यानं लांब दांडीचा नवा स्विच मंजूर केला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. सुट्या भागांच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे : भागाचा आकार, बसण्याची जागा किंवा काम बदललं, की नंबर बदलायचा. चाकणच्या कुठल्याही क्वालिटी इन्स्पेक्टरला झोपेतून उठवून विचारलं, तरी तो हेच सांगेल. नंबर तोच राहिल्यामुळे पुढं तपास करणाऱ्यांना कोडं पडलं, की २००८ नंतरच्या गाड्यांत हे अपघात का दिसत नाहीत? कागदावर तर स्विच एकच होता. ते कोडं अखेर कंपनीनं सोडवलंच नाही. जॉर्जियात एका २९ वर्षांच्या नर्सचा कोबाल्टमध्ये मृत्यू झाला होता. तिच्या आईवडिलांच्या वकिलानं नेमलेल्या तज्ज्ञानं जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दांडीच्या लांबीतला फरक उघड झाला. हे २०१३ सालचं. कंपनीनं गाड्या परत बोलवायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि हा आकडा २६ लाखांवर गेला.

मेरी बारा त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, प्रमुखपदी आल्या होत्या. पण त्या कंपनीला परक्या नव्हत्या. वडील पाँटिअकच्या कारखान्यात डाय बनवणारे कारागीर. स्वतः त्या १९८० मध्ये, अठराव्या वर्षी, शिकता शिकता कामाला लागल्या होत्या. म्हणजे ज्या संस्कृतीचा हिशेब त्या ५ जूनला मांडणार होत्या, तिच्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती.

हा हिशेब करून दिला होता अँटन वॅलुकस या माजी सरकारी वकिलानं. दोनशेतीसहून अधिक लोकांशी बोलून आणि कोट्यवधी कागदपत्रं चाळून त्यांनी तीनशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. त्यातून हेतुपुरस्सर रचलेला कट निघाला असता, तर कंपनीला एका अर्थी सोपं गेलं असतं. चार दुष्ट माणसं काढायची आणि बाकीच्यांनी हुश्श करायचं. निघालं ते त्याहून कठीण. समित्यांमागून समित्या झाल्या, प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टोलवला गेला आणि अकरा वर्षं कुणालाच घाई वाटली नाही. सुरक्षेच्या महत्त्वाच्या बैठकांत टिपणंसुद्धा घेतली जात नव्हती, कारण वकिलांना ती नको असतात असा कर्मचाऱ्यांचा समज होता.

बारांनी भाषणात हा अहवाल मऊ केला नाही. अहवाल क्रूर वाटावा इतका कठोर आहे, असं त्यांनी सांगितलं. अकार्यक्षमता आणि हलगर्जी यांचा ठसा वर्षानुवर्षं उमटत गेला, हे त्यांनी कबूल केलं. मग मुख्य निर्णय : पंधरा जणांना कंपनीतून काढलं आहे आणि आणखी पाच जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे. काढलेल्यांत वरच्या पदांवरच्या माणसांचं प्रमाण जास्त होतं. काहींना गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेबद्दल काढलं. काहींना मात्र त्यांनी पुरेसं काही केलंच नाही म्हणून काढलं. त्यांनी जबाबदारी उचलली नाही, घाई दाखवली नाही.

हे दुसरं कारण इथं थांबून पाहण्यासारखं आहे. नोकरीत आपण चुकीच्या कृतीला घाबरतो, न केलेल्या कृतीला घाबरत नाही. गप्प बसलेल्याला कुणी काही करत नाही, हा प्रत्येक कार्यालयातला अनुभव. बारांनी हा हिशेब उलटा करायचा प्रयत्न केला. सुरक्षेचा प्रश्न माहीत असून जो बोलत नाही, तो त्या प्रश्नाचाच भाग आहे आणि हे चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. तक्रार आधी आपल्या वरिष्ठाकडे न्या. तिथं नीट हाताळली जात नाही असं वाटलं, तर थेट माझ्याशी संपर्क साधा, असंही त्या म्हणाल्या. ‘स्पीक अप फॉर सेफ्टी’ ही योजना एप्रिलमध्येच जाहीर झाली होती. सुरक्षेची शंका मांडणाऱ्याचं कौतुक करायचं, त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, असं तिचं सूत्र होतं. गाड्यांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र उपाध्यक्ष नेमला गेला, तपास करणाऱ्यांची संख्या वाढवली गेली आणि गाड्या परत बोलावण्याचा निर्णय मधल्या समित्यांकडून काढून वरच्या अधिकाऱ्यांकडे दिला गेला.

पण ‘बोला’ असं सांगितल्यानं माणसं बोलतात का? वॅलुकस अहवालातच याचं एक उदाहरण होतं आणि ते कुठल्याही धोरणापेक्षा जास्त सांगून जातं. सुरक्षेच्या मुद्द्यावर नेट धरणारा एक निरीक्षक पूर्वी कंपनीत होता. त्यानं कंपनीवर खटलाही भरला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसानं तपासात सांगितलं, की सुरक्षेचे प्रश्न फार लावून धरायला मला भीती वाटायची, कारण आधीच्या माणसाचं काय झालं ते मी पाहिलं होतं. भीती कुठल्या परिपत्रकात लिहावी लागत नाही. एका खुर्चीवरचा माणूस बाजूला सारला गेला, की पुढचे दहा जण आपोआप शिकतात.

शब्दांचंही तसंच. बारांच्या भाषणाच्या तीनच आठवडे आधी वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला होता. त्या वेळच्या कागदपत्रांतून २००८ मधलं एक प्रशिक्षणाचं सादरीकरण बाहेर आलं. अहवाल लिहिताना कोणते शब्द टाळावेत, याची त्यात यादीच होती. एकूण ६९ शब्द. ‘दोष’ लिहू नका, ‘रचनेप्रमाणे काम करत नाही’ असं लिहा. ‘समस्या’ नको, ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ म्हणा. ‘धोकादायक’ हा शब्दही यादीत होता. ज्या अभियंत्याला धोका म्हणायला बंदी आहे, तो धोका पाहील तरी कसा? सोयीच्या रकान्यात स्विच गेला, तो काही अंशी या भाषेमुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून बारांनी व्यासपीठावरून उघडपणे कठोर शब्द वापरले, याला मी शोभेची गोष्ट मानत नाही. प्रमुखानं एकदा तो शब्द उच्चारला, की खालच्या माणसाला तो अहवालात लिहिता येतो.

नियम कसे लिहावेत, हे बारांना आधीच्या एका वाईट वर्षानं शिकवलं होतं. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर येत असताना त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख झाल्या. पोशाखाची दहा पानी नियमावली त्यांनी दोन इंग्रजी शब्दांवर आणली, ज्यांचा अर्थ ‘साजेसा पोशाख करा’ इतकाच. यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाराजीचं पत्र आलं. बारांनी त्याला फोन करून अडचण विचारली. त्याच्या गटाला कधी कधी अचानक सरकारी अधिकाऱ्यांना भेटावं लागायचं आणि जीन्समधली माणसं तिथं कशी न्यायची, ही त्याची चिंता होती. त्यांनी त्याला आपल्या लोकांशीच बोलायला सांगितलं. काही मिनिटांनी त्याचाच फोन आला : प्रश्न सुटला, भेटींना जाणारी माणसं आपल्या लॉकरमध्ये एक चांगली पँट ठेवणार आहेत. मोठ्या जबाबदारीचा माणूस पँटीचा निर्णय घेऊ शकत नसेल, तर तो दुसरे कसले निर्णय घेणार, असा प्रश्न बारांना त्यातून पडला, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

हा किस्सा अनेकदा नियम कमी करण्याच्या कौतुकासाठी सांगितला जातो. मला त्यातला फोन महत्त्वाचा वाटतो. नव्या धोरणाचं खरं ओझं मधल्या अधिकाऱ्यावर पडतं. त्याला काय अडतंय, हे कुणी विचारलं नाही, तर तो धोरण खाली पोचूच देत नाही. २०१४ च्या भाषणात मात्र मधल्या फळीला वळसा घालून थेट प्रमुखापर्यंत जायची वाट ठेवावी लागली, कारण या प्रकरणात मधली फळीच बंद पडली होती.

भाषणाच्या मर्यादाही तितक्याच उघड होत्या. वरच्या नेतृत्वाला अहवालानं निर्दोष ठरवलं आणि तो अहवाल कंपनीनंच नेमलेल्या वकिलांनी लिहिला होता. अपघातांचे दावे गुपचूप मिटवणारा कायदा विभाग होता, त्याचे प्रमुख पंधरांत नव्हते. जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत सदस्यांनी हा प्रश्न लावून धरला. ते गृहस्थ नंतर निवृत्तीची घोषणा करून गेले. मृतांच्या नातलगांना काढून टाकलेल्या पंधरांत दिलासा मिळाला नाही, यात नवल नाही. भाषणाच्या वेळी कंपनी १३ मृत्यूंची कबुली देत होती. केनेथ फाइनबर्ग या वकिलाच्या देखरेखीखाली नुकसानभरपाईचा निधी उभा राहिला आणि त्याचं काम संपलं, तेव्हा मान्य झालेल्या मृत्यूंची संख्या १२४ होती.

धोरण हलतंय की नाही, हे ओळखायची एक खूण मात्र त्याच वर्षी दिसली. २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं एकूण सुमारे तीन कोटी गाड्या परत बोलावल्या. बातम्यांमध्ये हे अपयश म्हणून आलं. सुट्या भागांच्या धंद्यातला माणूस ते वेगळं वाचतो. दडलेल्या तक्रारी वर येऊ लागल्या, की पहिल्या वर्षी आकडा फुगतोच. बोलायला सांगूनही आकडा हलला नाही, तर कुणी बोललेलं नाही असं समजावं. टाउन हॉलनंतर वर्षभरानं प्रमुखाला विचारायचा प्रश्न हा आहे : किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती खऱ्या निघाल्या आणि त्या करणारे आज कुठल्या पदावर आहेत?

या कंपनीला हा धडा भारतातही मिळाला होता, आणि तोही आदल्याच वर्षी. जुलै २०१३ मध्ये तिनं २००५ पासूनच्या १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. धुराच्या सरकारी चाचणीत गाडी पास व्हावी म्हणून काही कर्मचाऱ्यांनी नियम धाब्यावर बसवले होते. कंपनीनं स्वतःच ते सरकारला कळवलं आणि काहींना नोकरीवरून काढलं. आठ वर्षांच्या उत्पादनात हे चालत राहतं, म्हणजे चाचणीच्या शेडमध्ये किती माणसांना माहीत असेल, याचा अंदाज कुणीही करावा.

आणि मग २०२३. चालकाविना चालणाऱ्या टॅक्सी बनवणारी ‘क्रूझ’ ही तेव्हा जनरल मोटर्सच्याच मालकीची कंपनी होती. २ ऑक्टोबरच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका मोटारीनं एका महिलेला धडक दिली आणि ती क्रूझच्या गाडीपुढं फेकली गेली. तिच्यावर आदळून गाडी थांबली. मग कडेला जाण्यासाठी ती पुन्हा निघाली आणि खाली अडकलेल्या त्या महिलेला तिनं सुमारे वीस फूट फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी क्रूझचे लोक सरकारी अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी चित्रफीत लावली. इंटरनेटच्या जोडणीत अडथळे येत होते, फरफटीचा भाग सगळ्यांना नीट दिसला नाही आणि तोंडानं तो कुणीही सांगितला नाही. नंतर बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली. तिच्या अहवालानुसार त्या भेटींच्या आधी फरफटीची गोष्ट क्रूझच्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना माहीत होती.